अखर्चित किलोमीटर

परवा दुपारी, जळगावच्या त्या उन्हात, पार्किंगमध्ये गाडीच्या मीटरचा फोटो काढत होतो. विमा कंपनीच्या अ‍ॅपला आधीचे फोटो पसंत पडले नव्हते. काचेवर माझाच घामेजला चेहरा उमटत होता. ‘जितकी चालवाल तितकाच हप्ता’ या योजनेत मी वर्षाला 5,000 किलोमीटरचा टप्पा घेतलाय, त्याचं हे प्रायश्चित्त.

तेवढ्यात शेजारचे आप्पा आले. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त, मनाने अजून तिथेच.

“काय करू राह्यले सर?”

सांगितलं.

“मंजूर किती?”

“पाच हजार.”

“खर्ची पडले किती?”

“एकतीसशे. पुढच्या महिन्यात पॉलिसी संपते.”

आप्पांचा चेहरा उतरला. “म्हणजे एकोणीसशे अखर्चित! लॅप्स होतील ना भाऊ! असं करा, मले सुनेच्या माहेरी सुरतले जायचं हाये. पेट्रोल माझं. उपयोगिता प्रमाणपत्रबी मीच देतो.”

मी घाईघाईने म्हटलं, “अहो, टप्पा ओलांडला आणि जादा किलोमीटर आधी विकत घेतले नाहीत, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते.”

“मंग पुरवणी मागणी मांडू!” आप्पा खुलले. “वाचले किती तुमचे?”

इथे मी गप्प व्हायला हवं होतं, पण हिशेब सांगितला. सवलत फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर. माझी गाडी जुनी, तिची विम्यातली किंमत घसरलेली, त्यात इतकी वर्षं दावा न केल्याचा 50 टक्के बोनस; म्हणून तो हप्ताच मुळात 2,400. त्यावर 20 टक्के सूट, म्हणजे 480. जीएसटी धरून 566 रुपये.

“आन् बाकीचा?”

बाकीचा थर्ड पार्टीचा. माझ्या इंजिनाच्या गाडीला 3,416 रुपये, सरकारने ठरवलेले. गाडी दारात धूळ खावो की काश्मीरला जाऊन येवो, त्यात एक पैसा कमी नाही.

“566 तं एका भरीत पार्टीत जातात,” आप्पा म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

राग याचाच येतो. विमा नियामकाने 2022च्या जुलैत या योजनेला मोकळीक दिली, तेव्हा वाटलं, कमी फिरणाऱ्या आम्हा पेन्शनरांचं कुणीतरी ऐकलं. पण नुसतं कमी फिरून भागत नाही, गाडीही महाग आणि नवी लागते. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचंच बघा. खाली दवाखाना, वर घर, आणि दारात कोरी करकरीत मोठी गाडी. त्यांचा नुकसानीचा हप्ताच 32,000 धरला, तर त्याच 20 टक्क्यांत 6,400 वाचतील, जीएसटी वेगळा. पण त्यांनी ही योजना घेतलेलीच नाही. हप्ता किती जातो हेही त्यांना ठाऊक नसतं. तो त्यांचा कंपाउंडर भरतो.