साखर खपते म्हणून कारखान्याला नफा होतो का?

"साखर घरोघरी लागते, अंतराच्या अटीमुळे शेजारी दुसरा कारखाना निघत नाही, ऊस आपोआप दारात येतो. तरीही कारखाना तोट्यात म्हणजे संचालकांनी खाल्ला. दुसरं कारण असूच शकत नाही." असं नेहमी ऐकू येतं.

संचालकांनी खाल्लेले कारखाने महाराष्ट्राने पाहिलेत, त्यांची पाठराखण मला करायची नाही. पण साखरधंद्यात मुळात पैसा किती सुटतो हे आधी बघावं लागतं. हार्वर्डच्या मायकेल पोर्टर यांनी 1979 मध्ये त्यासाठी पाच दाब मांडले: स्पर्धक, नवे येणारे, पर्याय, गिऱ्हाईक आणि पुरवठादार. मालाला कितीही मागणी असो, हे पाच जण तुमच्या वाट्यातून किती ओढतात त्यावर नफा ठरतो.

आधी दारात येणाऱ्या उसाचं बघू. एफआरपी म्हणजे केंद्राने ठरवलेला, उसाला द्यावाच लागणारा दर. 2024-25 च्या हंगामात ती 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघते तिथे, क्विंटलमागे 340 रुपये होती. म्हणजे एक टन उसाचे 3,400 रुपये आणि त्यातून साखर निघते साधारण 102.5 किलो. भागाकार केला की किलोभर साखरेत नुसता ऊसच 33 रुपयांचा झाला. साखरेची किमान विक्री किंमत मात्र 2019 च्या फेब्रुवारीत 31 रुपये ठरली आणि त्या हंगामातही तीच होती. बाजारभाव त्याच्या वर असतो हे खरं, पण प्रक्रिया, पगार आणि बँकेचं व्याज हा खर्च त्या 33 रुपयांनंतर सुरू होतो. मळी, बगॅस म्हणजे उसाचा चोथा आणि त्यापासून केलेली सहवीज यांचा आधार नसेल तर फारसं काही उरत नाही.

कायद्याने 14 दिवसांत बिल द्यायचं असतं, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. कोल्हापूर-सांगलीत शेतकरी संघटना पहिली उचल, म्हणजे उसाच्या दराचा पहिला हप्ता, ठरल्याशिवाय वाहनं सुटू देत नाहीत. तिथे पुरवठादार भक्कम आहे, आणि तो असायलाच हवा, कारण तोडणी-वाहतूक त्याच्याच बिलातून कापली जाते. शिवाय तोडणीच्या टोळ्या मिळवायच्या तर मजूर आणणाऱ्या मुकादमाला हंगामाआधी आगाऊ उचल द्यावी लागते, आणि टोळी आलीच नाही तर ती उचल बुडते.

शेजारी स्पर्धक नाही हे तर अजिबात पटत नाही. महाराष्ट्रात दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतर लागतं, पण असलेल्या कारखान्याने गाळप क्षमता दुप्पट केली तर ती अट आड येत नाही. तेच झालं. तोडलेल्या उसातली साखर दिवसागणिक घटते, म्हणून तो फार लांबून आणता येत नाही. मग त्याच पट्ट्यातल्या उसासाठी पळवापळवी होते. 2024-25 मध्ये अनेक कारखान्यांचं गाळप शंभर दिवसांच्या आतच आटोपलं. कर्ज आणि कायम कामगारांचा पगार मात्र बारा महिने चालू. धंदा सोडावा तर ती यंत्रं दुसऱ्या कशाच्या कामाची नाहीत, म्हणून तोट्यातलाही गाळत राहतो आणि स्पर्धा कमी होत नाही.

नवे येणारेही वेगळ्या वाटेने आले. गूळ पावडरचे प्रकल्प बरीच वर्षं अंतराच्या अटीबाहेर राहून त्याच शिवारातला ऊस उचलत होते.

आता "घरोघरी लागते" याबद्दल. साखरेचा मोठा भाग मिठाई, बिस्किटं आणि शीतपेयं बनवणारे घेतात. ते व्यापाऱ्यामार्फत पोत्यांनी घेतात, आणि एका कारखान्याची साखर दुसऱ्यापेक्षा वेगळी नसल्यामुळे क्विंटलमागे पाच रुपये कमी दिसले की तिकडे जातात. कुठल्या महिन्यात किती विकायची तो कोटाही केंद्र ठरवतं. भाव चढेपर्यंत थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही.

इथेनॉलने सुटका होईल असं वाटत होतं, पण तिथे मुख्य गिऱ्हाईक तेल कंपन्या आणि दर सरकारचा. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आलं, तेव्हा कर्ज काढून उभारलेल्या डिस्टिलऱ्या अडकल्या. 2023-24 च्या त्याच हंगामात मका हा इथेनॉलचा मोठा कच्चा माल झाला. पर्यायाचा दाब हा असा येतो. स्वयंपाकघरात साखरेऐवजी गूळ वापरला जातो त्याचा परिणाम त्यामानाने किरकोळ.

मग भ्रष्टाचार ओळखायचा कसा? हे पाच दाब सगळ्या धंद्याचा सरासरी नफा सांगतात, एकाच कारखान्याचा तोटा सांगत नाहीत. म्हणून तुलना शेजाऱ्याशी करा. तोच पट्टा, तोच ऊस, तोच बाजार असताना शेजारचा वेळेवर एफआरपी देतो आणि तुमचा थकवतो, तर वार्षिक अहवाल उघडा. उतारा किती, क्विंटलमागे प्रक्रिया खर्च किती, कर्जावरचं व्याज किती, तोडणीच्या किती उचली बुडीत दाखवल्यात, हे चार आकडे शेजाऱ्याच्या आकड्यांशेजारी ठेवा. यात मोठी तफावत दिसली तर ती धंद्याच्या माथी मारता येणार नाही. वार्षिक सभेत उभं राहून तिचाच हिशेब मागा.