आधी आकडा, मग कारण

“ताई, १ तारखेपासून वह्यांच्या किमती वाढवतेय. जुन्या गिऱ्हाइकांना वाईट वाटू नये म्हणून इन्स्टावर कॅरुसेल टाकायचाय. कारणं किती सांगू? तिकडचे लोक कसं सांगतात?”

मामेबहिणीच्या या मेसेजसोबत आठ स्लाइड्स होत्या. मी त्या उघडेपर्यंत घरच्या ग्रुपवर वाद पेटलाही होता. दादाचं म्हणणं, सांगूच नकोस. साइटवरचा आकडा बदल आणि गप्प बस, कारण दिलंस की लोक कारणाशी भांडत बसतात. मामांना कॅरुसेल म्हणजे विमानतळावर बॅगा फिरतात तो पट्टा वाटला. एकाच पोस्टमध्ये बोटाने सरकवत पाहायची चित्रं, असा खुलासा झाल्यावर त्यांनी आपल्या क्लासची फी वाढवली तेव्हाची हकिकत सांगितली: सगळ्या पालकांना समोर बसवून सांगितलं, एकही मूल गेलं नाही. मुलं अकरा होती, हे मामी नंतर म्हणाल्या.

तिकडचे, म्हणजे आम्ही इकडे परदेशातले लोक कसं सांगतो, यावर माझ्याकडे मिरवण्यासारखं फार नाही. गेल्या वर्षी मला विम्याचं एक पत्र आलं. तीन परिच्छेद ‘आपल्याला अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून’ असलं काहीबाही, आणि नवा हप्ता दुसऱ्या पानावर, तळाशी. पण एक गोष्ट चोख होती. पत्र दीड महिना आधी आलं होतं आणि पटत नसेल तर कुठल्या तारखेपर्यंत कळवायचं, ते स्पष्ट लिहिलं होतं. मला इकडचा हा आगाऊ तारखेचा शिरस्ता आवडतो. भाषा मात्र मामांची बरी, माणसाने माणसाला सांगितल्यासारखी.

बहिणीच्या स्लाइड्सचा दोष तोच होता, फक्त गोड. पहिल्या स्लाइडवर फुलांच्या चित्रात ‘तुमच्याशी थोडं मनातलं’. मग तिचा प्रवास, पहिली वही, रात्रीची शिलाई. नवी किंमत सातव्या स्लाइडवर. सातव्यापर्यंत बोट सरकवत कोण जातं? शिवाय पहिली स्लाइड न सरकवता कुणी पोस्ट ओलांडून गेलं, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट नंतर दुसऱ्या स्लाइडपासून दाखवू शकतं. आणि चिडलेलं गिऱ्हाईक आठ स्लाइड्स पाठवत नाही, एकीचा स्क्रीनशॉट पाठवतं. म्हणून प्रत्येक स्लाइड एकटी सापडली तरी खरी आणि पुरी वाटली पाहिजे. मी तिला सुचवलं, प्रत्येकीच्या तळाशी एक पट्टी ठेव: ‘१०० ची वही ११० ला, १ तारखेपासून. तोपर्यंतच्या ऑर्डर जुन्या दराने.’ हेच वाक्य खाली कॅप्शनच्या सुरुवातीलाही हवं. ज्यांना दिसत नाही त्यांना मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर चित्रातली अक्षरं नीट वाचेलच याचा भरवसा नाही. आणि तारीख चुकली तर कॅप्शन नंतर दुरुस्त करता येतं, चित्रावरचा मजकूर नाही.

आता कारणाकडे. दादाने मध्येच हिशेब मांडला होता: “सामान २५ टक्क्यांनी महागलं ना? मग किंमतही २५ टक्क्यांनी वाढव, कोण विचारतंय!” कागद, पुठ्ठा, दोरा, कापड सगळं धरून सामान खरंच तेवढं महागलंय, इथवर तो बरोबर. पण १०० च्या वहीत सामान ४० चं. ते आता ५० ला पडतं. पाकिटं, कुरिअर आणि शिलाईला बसणाऱ्या मुलीचं मानधन मिळून ४०, ते तसंच आहे. बहिणीला उरतात २०. म्हणजे खर्च ८० वरून ९० वर गेला, आणि किंमत ११० केली की तिच्या हातात पूर्वीइतकेच २० राहतात. ‘सामान २५ टक्क्यांनी महागलं’ असं लिहून १२५ लावले, तर कारण खरं आणि हिशेब खोटा.

बारीक गोष्ट पुढेच आहे. ११० मधले २० म्हणजे साधारण १८ टक्के. पूर्वीसारखा पाचवा हिस्सा राखायचा तर किंमत साडेबाराने वाढवावी लागते. बहिणीला ती हवी होती, आणि वरचे अडीच तिला ‘कागद’ या शब्दाखाली झाकायचे होते. इथे आमचं वाजलं. मी म्हटलं, अडीच घे, पण ‘हे माझ्या कामाचे’ असं लिहून घे. ती म्हणाली, स्वतःच्या कष्टाचं मागायला लाज वाटते.

ही लाज मला अनोळखी नाही. पण लोक कारणांमध्ये फरक करतात हे जुनं निरीक्षण आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अर्थशास्त्रज्ञ जॅक नेत्श व रिचर्ड थेलर यांनी कॅनडातल्या लोकांना फोनवर प्रश्न विचारले होते. लेख १९८६ मध्ये आला. हिमवादळानंतरच्या सकाळी दुकानदाराने बर्फ काढायच्या फावड्याची किंमत वाढवली, तर ते कसं वाटतं? १०० पैकी ८२ जणांना ते अन्याय्य वाटलं. पण दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून किंमत वाढली, तर बहुतेकांना ते मान्य होतं. म्हणजे राग वाढीपेक्षा गरजेचा फायदा उठवण्यावर असतो. दादाची भीती इथे अर्धीच खरी ठरते: लोक कारणाशी भांडतात, पण बेताल कारणाशी. अडीच कामाचे म्हटल्यावर लोक काय म्हणतील, ते या लेखावरून ठरवता येत नाही. तो अंदाज माझा.

शेवटी पाच स्लाइड्स उरल्या. पहिलीवर फक्त जुना आकडा, नवा आकडा, तारीख. दुसरीवर वरचा हिशेब, चार ओळींत. तिसरी मला सगळ्यात आवडते: ‘पानं तेवढीच, कागद तोच, शिलाई दोऱ्याचीच.’ पानं कमी करून किंमत तीच ठेवण्याची युक्ती तिने नाकारली होती, तर ते सांगायला काय हरकत? चौथीवर, आगाऊ पैसे भरलेल्यांना आणि छोटी वही घेणाऱ्यांना वाढ नाही. पाचवीवर आभार, एका ओळीत, आणि शंका कुठे विचारायच्या ते. तिचा प्रवास आम्ही काढला. आता बिल वाढतंय म्हटल्यावर तो वाचणाऱ्याच्या खिशावर दडपण आणतो.

एक गोष्ट ती धरून चालली होती, की पोस्ट टाकली म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांना कळलं. तसं होत नाही. पोस्ट कुणाला दिसणार हे ती ठरवत नाही. जे दर वर्षी घेतात त्यांना आदल्या दिवशी थेट मेसेज जावा, पोस्ट नंतर यावी आणि महिनाभर प्रोफाइलच्या वर पिन केलेली राहावी. चूक झाली का, ते कमेंटमध्ये कळतं. ‘मग नवी किंमत किती?’ असं दोघांनी विचारलं तर पहिली स्लाइड फसली. ‘कागद उतरला की कमी करणार का?’ असं विचारलं तर स्लाइड वाचली गेली, पण त्याचं उत्तर आधी ठरवून ठेवायला हवं, आणि पाळता येणार नसेल तर ‘हो’ म्हणू नये. तिने अजून ठरवलेलं नाही.

काल रात्री तिने अंतिम फाइल पाठवली. पहिलीवर ११२ लिहिलंय. दुसरीवर ‘सामान १०, माझं काम २’, आणि ‘माझं काम’ची अक्षरं बाकीच्यांपेक्षा एक नंबर लहान. दादाने खाली अंगठा टाकलाय. मी तिला अक्षरं सारखी कर म्हणून कळवलंय, उत्तर यायचंय.