पेडल तळाला जातं तेव्हा: एका प्रतिक्रियेला उत्तर

«सर, 'ब्रेक न लागणारी गाडी म्हणजे हाताबाहेर चाललेलं आयुष्य' हे वाचून पंचांगातला स्वप्नफलाचा तक्ता आठवला. आमचे मिस्टर एका यंत्रमाग कारखान्याची वसुली बघतात. दोन महिने झाले, आठवड्यातून तीनदा तरी स्वप्नात तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेकचं पेडल तळाला जातं आणि घामाघूम होऊन उठतात. अर्थ कळला, पुढं काय करायचं? – एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर»

ताई, रागावलात ते बरोबर आहे. ते वाक्य सरधोपट होतं, मागे घेतो.

आधी खरी गाडी बघून घ्या. दिवसा पायाला जे जाणवतं ते रात्री स्वप्नात येऊ शकतं. इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना पेडल अर्धा मिनिट घट्ट दाबून धरायला सांगा. ते हळूहळू खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडर किंवा गळती तपासायला हवी. दाबताना स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा असू शकते. तसं काही निघालं तर आधी मेकॅनिक, स्वप्न नंतर.

गाडी ठीक असेल तर स्वप्नातला नेमका बिघाड बघायचा. पाय पेडलपर्यंत पोचतच नाही, मागच्या सीटवर बसलोय आणि चालवायला कुणी नाही, किंवा पाय पोचतो, दाबतो, पण काही होत नाही, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मिस्टरांची तिसरी आहे: करायचं ते केलं, पण लागू पडलं नाही. हा काही ठरलेला अर्थ नव्हे. दिवसात काय शोधायचं, त्याचा फक्त धागा आहे.

उशाशी वही ठेवा. उठल्या उठल्या वेळ आणि स्वप्नाच्या दोन ओळी लिहायच्या, आणि आदल्या दिवशी 'दाबलं पण लागलं नाही' असा कोणता क्षण होता तोही. आठ दिवस पुरेत. वसुलीचं काम आहे म्हणून अंदाज करतो: व्यापाऱ्याला फोन केला, तो 'सोमवारी नक्की' म्हणाला, सोमवारी पैसे नाहीत, आणि शनिवारी कामगारांचा पगार डोक्यावर. वहीत हेच परत परत आलं, तर व्यापाऱ्याचा हात सैल करणं मिस्टरांच्या हातात नाही, हे मान्य करून टाकावं. जुनं येणं थकलं असताना त्याच व्यापाऱ्याला नवा माल उधार न सोडण्याचा आग्रह धरणं, आणि पगाराला पैसे कमी पडणार हे मालकांना शुक्रवारी रात्री नव्हे, बुधवारीच सांगणं, एवढं मात्र हातात आहे. पेडल नाही, हँडब्रेक म्हणा.

स्वप्नावरही थेट काम करता येतं. अमेरिकेतले निद्रातज्ज्ञ बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तपासलेली पद्धत साधी आहे: दुःस्वप्न जागेपणी लिहायचं, हवं तसं बदलायचं आणि बदललेलं रोज मनात चालवून बघायचं. मिस्टरांसाठी बदल असा करता येईल. पेडल तळाला जातं. ते भराभर तीन-चारदा दाबतात. मग तिसरा गिअर, मग दुसरा. इंजिन घरघरतं आणि वेग पडतो. हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो थोडा थोडा ओढतात, एकदम नाही, नाहीतर मागची चाकं घसरतात. किल्ली बंद करत नाहीत, कारण त्याने स्टिअरिंग जड होतं. गाडी दरीकडे नव्हे, डोंगराच्या बाजूला टेकवून उभी करतात. खऱ्या घाटातही हेच करायचं असतं, म्हणून हा बदल मला आवडतो. पण त्यांना गाडीला पंख फुटलेले हवे असतील तर तेही चालतं.

दिवसा, शांत बसून, रोज दहा ते वीस मिनिटं. इथे हमखास चूक होते ती अशी: माणूस जुनंच स्वप्न रोज घोळवत बसतो, तेही झोपायच्या तोंडावर. जुनं एकदा लिहून झालं की पान मिटायचं, सराव फक्त नव्याचा. दोन-तीन आठवडे द्या. स्वप्न एकदम थांबेलच असं नाही. पेडल खाली जाईल, पण हात गिअरकडे वळेल. तो फरकही वहीत लिहा. आणि सकाळी 'आज पडलं का?' असं तुम्ही विचारू नका, त्याने दिवसाची सुरुवातच घाटातून होते.

हे सगळं घरी करू नये असेही प्रसंग आहेत. खराच अपघात होऊन गेला असेल आणि स्वप्न त्याचंच असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मिस्टर झोपेत खरोखर लाथा झाडत असतील, ओरडत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा, कारण स्वप्नांच्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू सैल असायला हवेत. दोन महिन्यांपूर्वी बीपीची नवी गोळी सुरू झाली होती का, हेही आठवून बघा. प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्यांनी काहींना भीतिदायक स्वप्नं पडतात. तसं असेल तर गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना तारीख सांगा, आणि जाताना वही बरोबर न्या.