भाववाढीत तेलाचे किती, मजुरीचे किती?

प्रतिक्रिया: दिवाळीच्या तोंडावर भाव वाढवायचे आणि वर ‘जुन्या भावात आधी घ्या’ म्हणून घाई लावायची. भाववाढ आधी कळवा आणि तोवर जुन्या भावात नोंदणी घ्या, असं तुम्ही फराळवाल्यांना सांगताय. ही ग्राहकांना दिलेली प्रामाणिक सूचना नाही, माल खपवायची युक्ती आहे. – दादरचं एक गिऱ्हाईक

उत्तर: वेळ दर वेळी विकणाऱ्याच्या हातात नसते. 14 सप्टेंबर 2024 पासून आयात होणाऱ्या कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून 20 टक्के झालं, तेव्हा दिवाळी जेमतेम दीड महिन्यावर होती. पण नुसतं ‘तेल महागलं’ म्हणून वाटेल तेवढा भाव वाढवला, तर तुमचा संशय रास्तच आहे.

चकलीचा हिशेब करून बघा. किलोभर चकलीला, मुरलेलं आणि कढईत वाया जाणारं धरून, समजा 350 ग्रॅम तेल लागतं. तेल किलोमागे 30 रुपयांनी चढलं, तर चकलीच्या किलोवर साडेदहा रुपयेच पडतात. मग 480 ची चकली 520 ला का? उरलेले साडेएकोणतीस रुपये तळायला-सोऱ्या फिरवायला येणाऱ्या बायकांच्या वाढलेल्या मजुरीचे असतील, तर सूचनेत तसंच लिहायला हवं. मजुरी वाढवणं लाजिरवाणं नाही, ती तेलाच्या नावावर खपवणं आहे.

आता जुन्या भावाबद्दल. ही सवलत खरी की खोटी, हे आधीच्या भावात घेतलेल्या मालावरून कळतं. 15 किलोचे दोन डबे जुन्या दराचे असतील, तर 350 ग्रॅमच्या हिशेबाने साधारण 85 किलो चकली निघते. तेवढीच नोंदणी जुन्या भावात घ्यावी आणि हा आकडा सूचनेत छापावा. ‘मर्यादित साठा’ या शब्दांवर विश्वास का ठेवावा कोणी? मजुरी मात्र आधी विकत घेऊन ठेवता येत नाही. म्हणून ही चकली गर्दीच्या आठवड्याआधी, जुन्या मजुरीत तळून द्यावी लागते. ओल्या नारळाच्या करंजीला ही सोय ठेवूच नये, ती टिकत नाही.

लवकर नेलेल्या चकलीची जबाबदारीही विकणाऱ्याने सांगावी. मुंबईच्या दमट हवेत ती आधी मऊ पडते आणि तेल जुनं किंवा जळकं असेल तर खवट होते. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. कोमट भरली तर वाफ आतच राहते. मऊ पडलेली मंद आचेच्या ओव्हनमध्ये पुन्हा कुरकुरीत होते, खवट झालेली टाकूनच द्यावी लागते.

सूचना अशी हवी: ‘1 ऑक्टोबरपासून चकली 480 ऐवजी 520 रुपये किलो. तेलाचे सुमारे 11, मजुरीचे सुमारे 29. वजन आणि भाजणी तीच. 30 सप्टेंबरपर्यंत पहिल्या 85 किलोंची नोंद 480 ने. एका घरी जास्तीत जास्त 2 किलो. माल दिवाळीच्या दहा दिवस आधी मिळेल.’

85 किलो 20 तारखेलाच भरले, तर त्याच दिवशी सगळ्या ग्राहकांना तसं कळवावं. तारीख संपल्यावर ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’ आली, तर मात्र तुम्ही म्हणता ती युक्तीच ठरते.