Kc वरून Kp काढण्याच्या ‘एका ओळीच्या’ नियमाचा प्रतिवाद

> “Kc चे Kp करणे हे एका ओळीचे काम आहे: Kp = Kc(RT)^Δn. R नेहमी 8.314 घ्यायचा, Δn साठी समीकरणातले सगळे सहगुणक मोजायचे. समतोल स्थिरांकाला एकक नसतेच, त्यामुळे उत्तर बारमध्ये समजा की ॲटमॉस्फिअरमध्ये, फरक पडत नाही. Kp एकपेक्षा लहान असेल तर x सोडून द्या. शेवटी मोल अंशाला सुरुवातीच्या दाबाने गुणले की आंशिक दाब मिळाले.”

या सल्ल्यातले सूत्र बरोबर आहे, परंतु त्याला जोडलेली जवळजवळ प्रत्येक सूचना चुकीची किंवा अर्धवट आहे. ते दाखवण्यासाठी एकच अभिक्रिया घेऊन शेवटपर्यंत आकडेमोड करणे बरे. डायनायट्रोजन टेट्राऑक्साइड हा रंगहीन वायू विघटित होऊन तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो:

N₂O₄(g) ⇌ 2NO₂(g)

तापमान 298 केल्विन आणि Kc = 0.0060 मोल प्रति लिटर धरू. निरनिराळ्या पुस्तकांत ही किंमत थोडीफार वेगळी दिसते, परंतु आपल्या मुद्द्यांना त्याने बाधा येत नाही.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा मुद्दा R चा आहे. आदर्श वायूसाठी p = cRT हे समीकरण लागू होते, म्हणून Kp च्या व्याख्येत प्रत्येक आंशिक दाबाच्या जागी cRT ठेवला की वर दोन RT येतात, खाली एक येतो आणि Kp = Kc·RT एवढे उरते. याचा अर्थ असा की R चे काम संहतीचे एकक दाबाच्या एककात नेण्याचे आहे, आणि म्हणून संहती कोणत्या एककात आहे व दाब कोणत्या एककात हवा आहे, या दोन गोष्टींवर R ची किंमत ठरते. संहती मोल प्रति लिटरमध्ये आणि दाब बारमध्ये हवा असेल तर R = 0.08314, आणि दाब ॲटमॉस्फिअरमध्ये हवा असेल तर 0.08206. आपल्या उदाहरणात बारसाठी RT = 24.78, म्हणून Kp = 0.0060 × 24.78 = 0.149 बार.

आता 8.314 घेऊन पाहा. RT = 2478 येतो आणि Kp = 14.9. गंमत अशी की हा आकडा स्वतःमध्ये चुकीचा नाही, कारण 8.314 ही किंमत लिटर आणि किलोपास्कल या जोडीलाही तंतोतंत लागू होते आणि 14.9 किलोपास्कल म्हणजेच 0.149 बार. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर, जेव्हा विद्यार्थी हाच 14.9 बार समजून पुढचे गणित सोडवू लागतो. संहती मोल प्रति घनमीटरमध्ये घेतली, म्हणजे Kc = 6.0 धरला, तर त्याच R ने 14,870 पास्कल हे उत्तर मिळते, आणि तेही बरोबरच आहे.

ही चूक किती मोठी होते ते आंशिक दाब काढल्यावर दिसते. एका बंद, स्थिर आकारमानाच्या पात्रात 298 केल्विनला केवळ N₂O₄ घातला आहे आणि विघटन सुरू होण्यापूर्वी त्याचा दाब 0.500 बार आहे असे समजू. विघटनाने त्याचा दाब x ने कमी झाला तर NO₂ चा दाब 2x होतो, म्हणून

(2x)² / (0.500 − x) = 0.149

म्हणजेच 4x² + 0.149x − 0.0745 = 0. या वर्गसमीकरणाचे धन मूळ x = 0.119 आहे. त्यावरून NO₂ चा आंशिक दाब 0.238 बार, N₂O₄ चा 0.381 बार, आणि विघटन सुमारे 24 टक्के. Kp च्या जागी 14.9 ठेवला तर x = 0.446 येतो, NO₂ चा दाब 0.893 बार व N₂O₄ चा अवघा 0.054 बार, म्हणजे 89 टक्के विघटन. दोन्ही उत्तरे कागदावर सारखीच सरळ दिसतात, दोन्हींत कोणताही दाब ऋण येत नाही, म्हणून केवळ उत्तराकडे पाहून चूक सापडत नाही.

ती पकडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मिळालेले दाब पुन्हा संहतीत बदलून मूळ Kc शी ताडून पाहणे. बरोबर उत्तरासाठी NO₂ ची संहती 0.238 ÷ 24.78 = 0.0096 आणि N₂O₄ ची 0.381 ÷ 24.78 = 0.0154 मोल प्रति लिटर येते. पहिलीचा वर्ग भागिले दुसरी केले की 0.0060 परत मिळतो. चुकीच्या उत्तरावर हीच क्रिया केली तर 0.60 मिळतो, म्हणजे बरोबर शंभरपट, कारण बार आणि किलोपास्कल यांच्यात शंभराचाच फरक आहे. ही पडताळणी p = cRT याच मूळ संबंधावरून, स्वतंत्रपणे ठरवलेल्या RT ने करावी. चुकलेल्या Kp मध्येच दाब घालून पाहिले तर उत्तर नेहमीच जुळेल आणि काहीच कळणार नाही.

एककाबद्दलचे विधान अर्धे खरे आहे. ऊष्मागतिकीतला समतोल स्थिरांक खरोखरच एककरहित असतो, पण तो तसा होतो तो प्रत्येक आंशिक दाबाला प्रमाण दाबाने भागल्यामुळे. प्रमाण दाब कोणता, यावर त्या एककरहित आकड्याची किंमत अवलंबून राहते. आयुपॅकने 1982 मध्ये प्रमाण दाब 1 ॲटमॉस्फिअरऐवजी 1 बार करण्याची शिफारस केली, आणि 1 ॲटमॉस्फिअर म्हणजे 1.01325 बार. आपल्या अभिक्रियेसाठी बारमध्ये 0.149 येणारा आकडा ॲटमॉस्फिअरमध्ये 0.147 होतो. हा फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा आहे आणि पुष्कळदा मूळ Kc ची अनिश्चितता याहून मोठी असते, हे मान्य करायला हवे. परंतु किलोपास्कलमधला आकडा बारमधला समजणे हाही त्याच ‘एकक नसते’ या समजुतीचा परिणाम आहे, आणि तिथे फरक शंभरपट होतो. Δn शून्य असेल तरच दाबाचे एकक कोणतेही घेतले तरी चालते.

Δn मोजताना फक्त वायुरूप घटकांचे सहगुणक घ्यायचे असतात, कारण शुद्ध घन वा द्रव पदार्थ समतोल स्थिरांकाच्या पदावलीत येतच नाही. C(s) + CO₂(g) ⇌ 2CO(g) या अभिक्रियेत सगळे सहगुणक मोजले तर Δn शून्य येतो आणि Kp = Kc असे वाटते. खरे तर Δn = 1 आहे, आणि 1000 केल्विनला बार व लिटर या एककांत Kp हा Kc च्या सुमारे 83 पट असतो. समीकरण अर्ध्याने लिहिले तर Δn ही अर्धा होतो आणि Kc चेही वर्गमूळ घ्यावे लागते, म्हणून स्थिरांक नेहमी ज्या समीकरणासाठी दिला असेल त्याच्याच सोबत वाचावा.

x सोडून देण्याची सूचना मुळातच चुकीच्या निकषावर उभी आहे. Kp एकपेक्षा लहान आहे की मोठा, याने काही ठरत नाही. सुरुवातीच्या दाबाच्या मानाने तो किती लहान आहे, हे पाहावे लागते. वरच्या उदाहरणात Kp = 0.149 असूनही छेदातला x टाकला तर 4x² = 0.0745, म्हणजे x = 0.136. NO₂ चा दाब मग 0.273 आणि N₂O₄ चा 0.364 बार होतो. हे दाब पुन्हा पदावलीत घातले तर 0.149 ऐवजी 0.205 मिळतो, म्हणजे तब्बल 38 टक्के जास्त. विघटन पाच टक्क्यांच्या आत राहावे, म्हणजे x टाकणे चालून जावे, यासाठी Kp भागिले चारपट सुरुवातीचा दाब याचे वर्गमूळ 0.05 हून कमी हवे. त्यातून सुरुवातीचा दाब सुमारे 15 बार निघतो. पण N₂O₄ चा उत्कलनबिंदू 1 ॲटमॉस्फिअरला सुमारे 21 अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे 25 अंशांना दाब एक बारच्या थोडा वर गेला की हे मिश्रण द्रवरूप होऊ लागते. या तापमानाला या वायूसाठी ही सोपी वाट प्रत्यक्षात उपलब्धच नाही, वर्गसमीकरण सोडवावेच लागते, आणि त्याला तसा वेळही फारसा लागत नाही.

राहिला सुरुवातीच्या दाबाने गुणण्याचा प्रश्न. स्थिर आकारमानाच्या पात्रात एका रेणूचे दोन होत असताना एकूण दाब जागचा राहत नाही. आपल्या उदाहरणात तो 0.500 वरून 0.238 + 0.381 = 0.619 बारवर गेला आहे. तिथले मोल अंश, म्हणजे 0.385 आणि 0.615, यांना 0.500 ने गुणले तर 0.192 आणि 0.308 बार मिळतात आणि पदावलीची किंमत 0.149 ऐवजी 0.120 येते. सुरुवातीचा दाब शेवटपर्यंत टिकतो तो सरकत्या दट्ट्याच्या पात्रात, पण तिथे आकारमान वाढते आणि समतोल वेगळ्याच जागी येतो. एका मोलपैकी α भाग विघटित झाला तर एकूण मोल 1 + α होतात, म्हणून Kp = 4α²P / (1 − α²). P = 0.500 घेतला की α = 0.263, NO₂ चा दाब 0.208 बार आणि N₂O₄ चा 0.292 बार. पात्र कोणते आहे हे प्रश्नात लिहिलेले नसेल, तर गणित सुरू करण्यापूर्वी ते ठरवून उत्तरासोबत नमूद केले पाहिजे.

अभिक्रियेत भाग न घेणारा वायू मिसळला की हा फरक आणखी ठळक होतो. स्थिर आकारमानाच्या पात्रात आरगॉन सोडला तर एकूण दाब वाढतो, पण NO₂ आणि N₂O₄ यांचे आंशिक दाब 0.238 व 0.381 बारच राहतात. दट्ट्याच्या पात्रात मात्र एकूण दाब 0.500 बारच ठेवून सुरुवातीच्या N₂O₄ इतकेच मोल आरगॉन घातले, तर एकूण मोल 2 + α होतात, 4α²P / [(1 − α)(2 + α)] = 0.149 हे समीकरण सोडवावे लागते, आणि α 0.263 वरून 0.339 वर जातो.