हजाराचं लायसन्स मला पंधरा हजारांना पडलं

काल रात्री डोकं फिरलं म्हणून सगळ्या पावत्या, गूगल पेचे मेसेज आणि पेट्रोल पंपाच्या चिठ्ठ्या घेऊन बसले आणि बेरीज केली. फक्त चारचाकीच्या लायसन्सची. (हो, पुण्यात राहून मला दुचाकी येत नाही. त्यावरचे विनोद ऐकून झालेत, नवीन असेल तरच सांगा.) आकडा आला 15,370. आणि यात सरकारने माझ्याकडून घेतले जेमतेम साडेबाराशे! एरवी सरकारी कारभाराला शिव्या घालायला मी सगळ्यात पुढे असते, पण या बेरजेत सरकारच सगळ्यात स्वस्त निघालं.

सरकारी हिशोब आधी उरकून टाकते, कारण तो सरळ आहे. लर्निंगचे 150 आणि त्याच्या परीक्षेचे 50. पक्क्याच्या वेळी ड्रायव्हिंग टेस्टचे 300, लायसन्सचे 200, स्मार्ट कार्डचे 200. झाले 900. वर पोस्टाने घरी यायचे थोडे, म्हणजे साडेनऊशेच्या आसपास. लर्निंगची परीक्षा आधार टाकून घरबसल्या होते, sarathi.parivahan.gov.in वर. साइट अधूनमधून मान टाकते, पण होते. तरी आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी एवढ्यासाठीसुद्धा एजंटला दीड-दोन हजार दिले आहेत. का, ते त्यांनाच विचारा.

आता उरलेले चौदा हजार. ते गेले शिकण्यात. किंवा खरं सांगायचं तर, न शिकवल्यामुळे.

क्लासचा बोर्ड तुम्ही पाहिलेलाच असेल, सगळीकडे सारखाच असतो. ‘15 दिवसांत परफेक्ट ड्रायव्हिंग, रोज 5 किलोमीटर, लेडीज इन्स्ट्रक्टर उपलब्ध’. फी 6,500, आणि ‘लायसन्ससहित’ 11,000. म्हणजे ज्या कामाचे सरकार साडेनऊशे घेतं, त्याचे हे साडेचार हजार लावणार. मी बाणेदारपणे म्हटलं, लायसन्सचं माझं मी बघते, तुम्ही फक्त शिकवा. समोरचा माणूस असा काही हसला, की तेव्हाच उठून यायला हवं होतं.

त्या 6,500 मध्ये काय मिळालं ते ऐका. ‘सेशन’ अर्ध्या तासाचं. गाडी दारात यायची तेव्हा आत आधीचा विद्यार्थी बसलेला. त्याला घरी सोडायचं, ते माझ्या अर्ध्या तासात. कधी सीएनजी भरायचा असायचा. पुण्यातली सीएनजीची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. हातात स्टिअरिंग म्हणाल तर धरून चाला वीस मिनिटं. पंधरा दिवस गुणिले वीस मिनिटं, म्हणजे पाच तास. ताशी 1,300 रुपये! किलोमीटरने मोजलं तर अजून पोटात दुखतं. रोज 5 याप्रमाणे 75 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला 87 रुपये. रिक्षावाला 17 घेतो आणि वर गाडीही तोच चालवतो.

आणि यांच्या इंधनाचं कौतुक ऐकवतात! ‘मॅडम, पेट्रोल किती महाग झालंय.’ अहो, तुमची गाडी सीएनजीवर आहे. ती पेट्रोलवर असती आणि लिटरला बाराच किलोमीटर दिले असते, तरी 75 किलोमीटरला साडेसहाशे रुपयांचं पेट्रोल लागलं असतं. साडेसहा हजारातले साडेसहाशे.

नियम नाहीत असंही नाही. मोटार वाहन नियम 1989 चे आहेत आणि त्यात ड्रायव्हिंग स्कूलने काय करायचं ते लिहून ठेवलंय. खासगी गाडीसाठी प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं, आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान 10 तासांचं. कुणी किती वेळ गाडी चालवली याची नोंदवही ठेवायची, तिलाच फॉर्म 15 म्हणतात. मला हे कधी कळलं? शेवटच्या दिवशी, एका रजिस्टरवर एकदम खालपर्यंत सह्या करायला सांगितल्या तेव्हा. तारखा आधीच भरलेल्या, वेळाही भरलेल्या. कागदावर मी रविवारी पण गाडी चालवली होती. रविवारी क्लास बंद असतो.

2021 मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी वेगळे नियम काढले. त्यात हलक्या मोटारीचा अभ्यासक्रम 29 तासांचा आहे, 8 तास थिअरी आणि 21 तास प्रत्यक्ष. म्हणजे माणसाला गाडी यायला एकवीस तास लागतात हे दिल्लीत कुणाला तरी माहीत आहे. आमच्या गल्लीत मात्र पाच तासांत ‘परफेक्ट’!

पण वेळेपेक्षा मोठी फसवणूक पायाशी होते. क्लासच्या गाडीत इन्स्ट्रक्टरच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. तो सुरक्षेसाठी असतो, मान्य. पण आमचे सर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत क्लच स्वतःच दाबत होते आणि मला वाटत होतं, वा, काय सफाई आलीय आपल्याला. सिग्नलला गाडी कशी अलगद थांबते, कशी अलगद निघते! ज्यांचे क्लास सुरू आहेत त्यांनी एक तपासून बघा. तुमच्या हातून गाडी एकदाही बंद पडत नसेल, धक्का खात नसेल, तर क्लच तुमच्या पायाखाली नाही. सरांना म्हणा पाय वर मांडी घालून बसा, मग कळेल. मी हे बाबांच्या गाडीत बसल्यावर शिकले, कारण तिथे बाजूला क्लच नव्हता, बाजूला बाबा होते.

इथून दुसरा मीटर सुरू होतो, पेट्रोलचा. लर्निंगवर एकटीने चालवता येत नाही, शेजारी लायसन्सवाला हवाच आणि गाडीला पुढेमागे लाल एल हवा. म्हणजे बाबांची सुट्टी आणि मूड, दोन्ही जुळायला हवं. पहाटे रिकामा रस्ता गाठायचा आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं. जी गाडी बाबांच्या हातात सोळाचा ॲव्हरेज देते, तिने माझ्या हातात लिटरला दहासुद्धा मुश्किलीने दिला. साहजिक आहे. निम्मा वेळ गाडी जागेवर गुरगुरत उभी, उरलेला वेळ हाफ क्लचवर, आणि उभ्या गाडीचं इंजिन चालू असलं की पेट्रोल जातच राहतं. हात बसेपर्यंत 300 किलोमीटर तरी झाले. तीस लिटर, 104 च्या भावाने 3,120 रुपये. क्लासने कायद्यातले दहा तास खरोखर दिले असते तर यातला निम्मा खर्च तरी वाचला असता. (बाबा क्लच प्लेटचे सात हजारही माझ्याच नावावर मांडतात. मी धरत नाही. गाडी अकरा वर्षांची आहे, प्लेट कधीतरी जाणारच होती.)

आता टेस्ट. गाडी उमेदवाराने न्यायची असते. स्वतःची नेता येते, पण टेस्ट आठवड्याच्या मधल्या वारी, म्हणजे ती तिथपर्यंत न्यायला लायसन्सवाल्या माणसाने रजा टाकायची. बाबांना रजा नाही. मग कोणाची गाडी? बरोबर, क्लासची. भाडं 1,000 रुपये, ट्रॅकवरच्या काही मिनिटांचं. आणि ट्रॅकवर काय करायचं असतं? आठचा आकडा काढायचा, रिव्हर्समध्ये वळवायची, चढावर थांबवून मागे न घसरता पुन्हा काढायची. क्लासने मला यातलं काय शिकवलं होतं? सरळ रस्ता. आणि डावीकडे वळणं, कारण उजवीकडे वळायला ट्रॅफिक लागतं आणि वेळ जातो.

चढावर गाडी मागे आली. नापास. त्या दिवशी बाजूला सरांचा पाय नव्हता ना!

पुन्हा अर्ज, सात दिवस थांबायचं, स्लॉट शोधायचा, सरकारचे 300 आणि क्लासच्या गाडीचे परत 1,000. सरकारचे तीनशे मला खुपत नाहीत, परीक्षा घेतली त्याचे घेतले. पण ज्याने शिकवलं नाही त्यालाच मी नापास झाल्याचे हजार मिळतात, हे कुठलं गणित? मी पहिल्या फटक्यात पास झाले असते तर त्यांचा तोटाच होता की!

मधल्या दिवसांत मी ओळखीतून एक काका शोधले, जे तुमच्याच गाडीवर घरी येऊन शिकवतात. तासाचे 500. पाच तास, 2,500. पहिल्याच दिवशी त्यांनी पूलाच्या चढावर गाडी उभी करायला लावली, हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, ‘ॲक्सिलरेटर थोडा दे, क्लच हळूच सोड, बॉनेट जरा उचलल्यासारखं वाटेल, तिथे पाय थांबव आणि मग हँडब्रेक काढ.’ झालं. एवढंच होतं. हे वाक्य मला 6,500 रुपयांत कुणी सांगितलं नव्हतं.

तर बेरीज: सरकारला दोन्ही वेळचे मिळून 1,250, क्लासला 6,500, टेस्टच्या गाडीला 2,000, पेट्रोलला 3,120, काकांना 2,500. आणि या सगळ्यातली चीड आणणारी गोष्ट ही, की खासगी गाडीच्या लायसन्सला क्लासचं प्रमाणपत्र सक्तीचं नाहीच. घरच्या गाडीवर काकांकडे दहा तास केले असते तर 5,000 आणि थोडं पेट्रोल. पण ‘क्लास लाव, घरचे शिकवतात ते चुकीचं शिकवतात’ हे आईपासून शेजारच्या जोशीकाकूंपर्यंत सगळ्यांचं एकमत. जोशीकाकूंना स्वतःला गाडी येत नाही.

परवा लायसन्स पोस्टाने घरी आलं. त्याच संध्याकाळी क्लासवाल्यांचा व्हॉट्सॲप: ‘अभिनंदन मॅडम! आमचा ॲडव्हान्स कोर्स जॉइन करा. रिव्हर्स, पार्किंग, चढ-उतार. फक्त 3,500. पेट्रोल एक्स्ट्रा.’ अरे, रिव्हर्स आणि पार्किंग तुमच्या मूळ अभ्यासक्रमात आहे, नियमातच लिहिलंय! मी तो नियम फोटो काढून पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, आणि खाली उत्तर: ‘आज बुकिंग केल्यास 10 टक्के सूट.’