साक्षीदार आजारी पडला म्हणून सुनावणी आपोआप पुढे जात नाही

"मुख्य साक्षीदार आजारी पडला तर घाबरू नका. डॉक्टरांचे सर्टिफिकेट जोडून रजिस्ट्रारकडे अर्ज द्या, पोचपावती घ्या, तारीख पुढे गेलीच समजा. त्या दिवशी जाण्याची गरज नाही, आणि सर्टिफिकेट असल्यावर कोणी नाही म्हणू शकत नाही."

वाशीच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात ज्यांच्याविरुद्ध बँकेचे प्रकरण चालू आहे, त्यांनी असा सल्ला कोणी दिला तरी त्यावर विसंबू नये. पोचपावतीचा अर्थ अर्ज मिळाला एवढाच होतो. १९९३ च्या कार्यपद्धती नियमांनुसार रजिस्ट्रार सुनावणीच्या तारखा लावतात हे खरे, पण पीठासीन अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रकरणाचा निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, निर्देशांच्या अधीन राहून. आणि बोर्डावर आलेली सुनावणी तहकूब करायची की नाही, हा पीठासीन अधिकाऱ्यांचा निर्णय असतो. तो आदेश होईपर्यंत जुनी तारीख कायम असते. त्या दिवशी तुम्ही किंवा तुमचे वकील हजर नसतील, तर प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी आदेश होऊ शकतो. तो रद्द करून घेण्याची वाट असते, पण त्यासाठी गैरहजेरीचे पुरेसे कारण सिद्ध करावे लागते, आणि न आलेल्या आदेशावर विसंबून घरी राहिलो हे कारण फार दुबळे ठरते.

सर्टिफिकेटचेही तसेच आहे. समजा, तुर्भ्याच्या एका कारखानदाराचे म्हणणे आहे की हमीपत्रावरची सही त्याची नाही, आणि बँक ज्या दिवशी ती झाली म्हणते त्या दिवशी तो बाहेरगावी होता, हे त्याच्या जुन्या हिशेबनिसाला ठाऊक आहे. त्या हिशेबनिसाचे प्रतिज्ञापत्र दाखल आहे, उलटतपासणीच्या आदल्या आठवड्यात तो डेंग्यूने रुग्णालयात दाखल होतो. "प्रकृती बरी नाही, विश्रांतीचा सल्ला" एवढ्या चिठ्ठीतून तो वाशीपर्यंत येऊ शकत नाही हे कळत नाही. दाखल झाल्याची तारीख, निदान, प्रवास किती दिवस टाळायचा, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, हे हवे. अर्जात बँकेने वसुलीसाठी केलेल्या मूळ अर्जाचा क्रमांक, हा साक्षीदार नेमके काय सिद्ध करणार, ते दुसऱ्या कोणाकडून का होणार नाही, यापूर्वी किती वेळा मुदत मागितली आणि तो केव्हा येऊ शकेल, हे स्पष्ट लिहून सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे व प्रत बँकेच्या वकिलांना आधीच द्यावी. माझ्या मते यातले सर्वांत जास्त दुर्लक्षित होते ते साक्षीदाराचे महत्त्व. आजारपणावर दोन परिच्छेद आणि साक्षीवर एक ओळही नाही, असे अर्ज लिहिले जातात.

नकार देता येतच नाही, हे तर मुळीच खरे नाही. मूळ अर्ज १८० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदाच सांगतो, त्यामुळे वारंवार मागितलेली मुदत संशयास्पद वाटते. शिवाय न्यायाधिकरणाला साक्ष नोंदवण्यासाठी कमिशन नेमण्याचा, म्हणजे साक्षीदार असेल तिथे जाऊन साक्ष घेण्याचे काम कोणाकडे तरी सोपवण्याचा, अधिकार आहे. हिशेबनीस आठ-दहा दिवसांत बरा होणार असेल तर तारीख मागणे रास्त. पण आजार दीर्घकाळ चालणारा असेल तर त्याच अर्जात, पर्याय म्हणून, त्याच्या घरी किंवा रुग्णालयात कमिशनमार्फत उलटतपासणी व्हावी, अशीही विनंती करावी.